सहा जणांचा सर्व्हर: घरी ठेवावा की भाड्याने घ्यावा?

माइनक्राफ्ट एकट्याने खेळायचं तर कुणाला काही विचारावं लागत नाही. पेच पडतो तो पाच-सहा मित्रांना एकाच जगात घरं बांधायची असतात तेव्हा. ते जग कुठल्या तरी एका संगणकावर चालू असावं लागतं आणि बाकीच्यांना इंटरनेटवरून तिथे पोचता यावं लागतं. हा संगणक म्हणजेच सर्व्हर. तो महिन्याच्या भाड्याने मिळतो, किंवा घरात पडून असलेला जुना पीसी त्या कामाला जुंपता येतो. सर्व्हरचं सॉफ्टवेअर मोजांग ही कंपनी फुकट देते. त्यामुळे मनात पहिल्यांदा येतं ते हेच: घरात फायबर आहे, पीसी आहे, मग भाडं कशाला भरायचं?

उत्तरासाठी एक ठरावीक गट डोळ्यांसमोर ठेवू. सहा मित्र आहेत. तिघे पुण्यात, एक नाशिकला, एक कोल्हापुरात आणि एक नोकरीनिमित्त जर्मनीत. खेळ माइनक्राफ्टची जावा आवृत्ती, मॉड वगैरे काही नाही. रोज रात्री नऊ ते बारा. सर्व्हर घरी ठेवायचा झाला तर तो नाशिकच्या मित्राकडे, कारण जुना पीसी त्याच्याकडे आहे.

एका सेकंदात वीस हप्ते

सर्व्हर चालू करणं अवघड नाही. जावा टाकायचं, सर्व्हरची फाइल एका फोल्डरमध्ये ठेवायची, एकदा चालवायची, तयार झालेल्या `eula.txt` मध्ये `eula=true` लिहून अटी मान्य करायच्या आणि पुन्हा चालवायची:

```
java -Xms4G -Xmx4G -jar server.jar nogui
```

इथे सर्व्हरला चार जीबी मेमरी दिली आहे. मॉड नसलेल्या खेळात सहा जणांना ती पुरते.

आत जे चालतं ते समजून घेतलं तर पुढचे बरेच पैसे वाचतात. सर्व्हर सेकंदाला वीस वेळा सगळं जग एक पाऊल पुढे ढकलतो. या पावलाला टिक म्हणतात. एका टिकला मिळतात ५० मिलिसेकंद. तेवढ्यात कोण कुठे चाललं, कुठली कोंबडी कुठे वळली, पाणी किती पुढे वाहिलं, शेतातलं पीक वाढलं का, हे सगळं उरकायचं असतं. ५० मिलिसेकंदांत काम आटोपलं नाही की जग रेंगाळायला लागतं आणि सर्व्हरच्या खिडकीत `Can't keep up! Is the server overloaded?` अशी तक्रार उमटते.

हे मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर, म्हणजे कोअरवर चालतं. म्हणून आठ मंद कोअरपेक्षा दोन वेगवान कोअर बरे, आणि चार जीबीच्या जागी सोळा जीबी मेमरी दिल्याने टिक लवकर संपत नाही. भाड्याच्या जाहिराती मात्र मेमरीच्या आकड्यावर चालतात. प्रोसेसर कोणता आणि तो किती जणांत वाटलेला आहे, हे तिथे बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच.

खेळ अडकला की सगळे आधी नेटला शिव्या घालतात, पण दोष कुणाचा हे ओळखता येतं. फोडलेला दगड सहाही जणांना पुन्हा जागेवर दिसत असेल आणि गाई-कोंबड्या सगळ्यांच्याच डोळ्यांदेखत थिजत असतील, तर सर्व्हर दमला आहे. हे एकालाच होत असेल आणि बाकीचे मजेत असतील, तर त्या एकाची लाइन खराब आहे. खात्री करायची तर नव्या आवृत्त्यांत सर्व्हरवर `tick query` ही आज्ञा देता येते. एका टिकला सरासरी किती मिलिसेकंद लागले ते ती सांगते. आकडा वीस-तीस असेल तर यंत्र निर्दोष. पन्नासच्या वर गेला तर नेटचा प्लॅन वाढवून काडीचाही फरक पडणार नाही.

सर्व्हरला सर्वांत जास्त दमवतात ते नवा मुलुख बघायला धावणारे खेळाडू. माइनक्राफ्टचं जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांनी बनतं, आणि ज्या तुकड्यात आधी कुणी गेलेलं नाही तो त्या क्षणी घडवावा लागतो. `server.properties` या फाइलमध्ये `view-distance` मुळात १० असतं. म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती २१ बाय २१, एकूण ४४१ तुकडे. ते ७ केलं की २२५ उरतात. काम जवळपास निम्म्यावर येतं, आणि घरं बांधत बसलेल्या माणसाला हा फरक सहसा जाणवतही नाही.

बँडविड्थ: भीती मोठी, गरज छोटी

घरी सर्व्हर ठेवताना लोक डाउनलोडचा वेग बघतात. खरं तर बघायचा असतो अपलोडचा, कारण इथे घरातून बाहेर माल जातो. एरवी आपण सिनेमे खाली ओढतो. सर्व्हर मात्र प्रत्येक मित्राकडे जगाची ताजी खबर धाडत राहतो.

तरी गरज किरकोळ आहे. शांतपणे बांधकाम करणाऱ्या खेळाडूमागे सेकंदाला साधारण १०० किलोबिट धरले तर सहा जणांना ६०० किलोबिट लागतात. तीन तासांत ही रक्कम होते सुमारे ८०० एमबी, महिन्याला २४ जीबीच्या आसपास. कुणी पंख लावून उडत नवा मुलुख पालथा घालू लागला की त्याच्या वाट्याचा आकडा काही काळ एक-दोन मेगाबिटवर जातो. सहाही जण एकदम उडाले तरी दहा-बारा मेगाबिटमध्ये भागेल. आपल्याकडच्या फायबर प्लॅनमध्ये अपलोड बहुतेकदा डाउनलोडइतकाच मिळतो, त्यामुळे ४० मेगाबिटचा साधा प्लॅनही पुरून उरतो. जुन्या केबलच्या जोडणीवर किंवा मोबाइल हॉटस्पॉटवर मात्र अपलोड तोकडा असतो, आणि तिथे खरंच अडतं.

फायबर असूनही रात्री साडेनऊला खेळ अडखळतो, त्याचं कारण निराळं. त्याच वेळी घरात कुणाचा तरी फोन लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत असतो. राउटरपाशी रांग लागते आणि खेळाची छोटी पाकिटं त्या रांगेत ताटकळतात. यावर दोन उपाय: सर्व्हर वायफायवर न ठेवता वायरने राउटरला जोडायचा, आणि व्हिडिओ मध्यरात्रीनंतर चढवायचे.

वेगाइतकंच अंतरही मोजावं लागतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे आकडा वाढतो. नाशिकचा सर्व्हर पुणे-कोल्हापूरला वीस-तीस मिलिसेकंदांवर असतो. तोच मुंबईतल्या भाड्याच्या यंत्रावर ठेवला तरी फारसं बदलत नाही. सिंगापूर घेतलं तर साठ-सत्तर, आणि स्वस्त म्हणून जर्मनीतला घेतला तर इकडच्या पाच जणांना सव्वाशेच्या पुढे. जर्मनीतल्या मित्राला आपल्या सर्व्हरवर येताना हाच आकडा सोसावा लागेल. घर बांधण्यात त्याला तो खुपणार नाही. तिरंदाजी करताना खुपेल. सर्व्हर पाच जणांच्या जवळ ठेवायचा की एकाच्या, हे ठरवणं कठीण नाही.

पत्ताच नसेल तर मित्र येणार कुठून?

घरच्या सर्व्हरची खरी कसोटी इथे लागते. जावा आवृत्ती 25565 या पोर्टवर मित्रांची वाट बघते. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग लावायचं, म्हणजे बाहेरून 25565 वर आलेली हाक या पीसीकडे पाठवायची, आणि आपला आयपी पत्ता मित्रांना कळवायचा. परदेशी व्हिडिओंमध्ये हे पाच मिनिटांत होतं. आपल्याकडे अनेकांच्या बाबतीत सगळं बरोबर लावूनही कुणीच आत येऊ शकत नाही.

कारण सीजीनॅट. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगभर अपुरे पडले, तेव्हा इंटरनेट कंपन्यांनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता द्यायला सुरुवात केली. सोसायटीचा पत्ता आहे, पण फ्लॅट नंबर नाही, अशी ही गत: घरातून गेलेल्या माणसाला वॉचमन ओळखून परत घेतो, बाहेरून आलेल्या पाहुण्याला मात्र कुठल्या दारी न्यायचं हे त्याला ठाऊक नसतं. आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही, कारण अडवणारं दार कंपनीच्या यंत्रावर आहे.

आपण यात अडकलो आहोत का, हे दोन मिनिटांत कळतं. राउटरच्या पानावर WAN IP समोरचा आकडा टिपून घ्या. मग ब्राउझरमध्ये `what is my ip` शोधून येणारा आकडा बघा. दोन्ही एकच असतील तर रस्ता मोकळा. वेगळे असतील, आणि राउटरवरचा पत्ता `100.64` ते `100.127` यांच्यात सुरू होत असेल, तर ते सीजीनॅट. हा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. राउटरवर `192.168` दिसलं तर आधी घरातच बघा. कंपनीचा फायबर डबा आणि आपण घेतलेला राउटर, असे दोन राउटर एकामागे एक लागलेले असू शकतात.

सीजीनॅट असेल तर वाटा तीन. कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर सार्वजनिक आयपी घ्यायचा. किंवा टेलस्केल, झिरोटियर यांसारखं खासगी जाळं सहाही जणांनी आपापल्या संगणकावर टाकायचं, म्हणजे सगळे जणू एकाच घरात बसल्यासारखे होतात. नाहीतर प्लेइट यांसारखी बोगदा देणारी सेवा वापरायची. तीत मित्र त्या सेवेच्या पत्त्यावर येतात आणि तिथून आपल्या पीसीकडे वळवले जातात. या दोन्ही पर्यायांत छोट्या गटाचं काम फुकटात होतं. बोगद्यात वाट लांबते, त्यामुळे थोडा उशीर वाढतो. खासगी जाळ्यात प्रत्येक मित्राकडे सॉफ्टवेअर टाकून देण्याची जबाबदारी नाशिकच्या मित्राच्या गळ्यात पडते.

विजेचं बिल विरुद्ध भाडं

आता पैशांकडे येऊ. जुना डेस्कटॉप, मॉनिटर बंद ठेवून, ८० वॉट खातो असं धरू. चोवीस तास चालला तर महिन्याला जवळपास ५८ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरांत १०० आणि ३०० युनिटांवर टप्पे आहेत, आणि सर्व्हरचे युनिट नेहमीच्या वापरावर चढत असल्यामुळे त्यांना आपल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागतो. म्हणून बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा हिशेब इथे चालत नाही. सोयीसाठी वरच्या टप्प्याचा दर, कर धरून, १२ रुपये मानू. तर महिन्याचे सुमारे ६९० रुपये झाले. जोडीला स्थिर आयपीचे वर्षाला दोन हजार धरले, तर आणखी १६५. म्हणजे ‘फुकट’ सर्व्हरचा खर्च साडेआठशेच्या घरात.

भाड्याचे दर बहुतेकदा मेमरीच्या जीबीमागे सांगतात. चार जीबीला महिन्याला ६०० रुपये धरले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, तर ७०८ रुपये. सहा जणांत माणशी ११८. चोवीस तास चालणारा जुना डेस्कटॉप इथे भाड्यापुढे हरतो.

पण त्याच डेस्कटॉपला फक्त रात्री नऊ ते बारा चालवा. महिन्याला सात युनिट, ८६ रुपये. बोगदा फुकटचा वापरला तर एवढ्यातच काम झालं. किंवा डेस्कटॉपऐवजी २५ वॉटचा जुना लॅपटॉप चोवीस तास ठेवा: १८ युनिट, २१६ रुपये. म्हणजे भाडं परवडतं का, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: नाशिकचा मित्र झोपलेला किंवा गावाला गेलेला असताना कुणाला खेळायचं आहे का? आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा जर्मनीत संध्याकाळचे साडेसहा-साडेसात झालेले असतात. तिथला मित्र कामावरून येऊन जेमतेम बसला की इकडे सर्व्हर बंद करायची वेळ होते. भांडण बहुतेकदा इथूनच सुरू होतं.

भाडं ठरवताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात: यंत्र कुठल्या शहरात आहे, प्रोसेसर कोणता, सगळं जग उतरवून घ्यायची सोय आहे का, आणि पहिल्या महिन्याची सवलत संपल्यावर दर काय. ‘अमर्याद खेळाडू’ या शब्दांना सहा जणांच्या गटाच्या लेखी काही किंमत नाही. एटरनॉससारखी जाहिरातींवर चालणारी फुकट सेवाही आहे. तिथे सर्व्हर सुरू करायला रांगेत थांबावं लागू शकतं, आणि जग रिकामं झालं की तो आपोआप बंद होतो. रोज ठरलेल्या वेळी खेळणाऱ्यांना हे चालून जातं.

भाड्याचा गेम सर्व्हर न घेता क्लाउडवर रिकामं यंत्र घेण्याचा मोह काहींना होतो. तिथे बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे वेगळे लागू शकतात, आणि देखभाल पुन्हा आपल्याच अंगावर येते. शिकायचं असेल तर जरूर घ्यावं. नुसतं खेळायचं असेल तर घेऊ नये.

कंटाळवाणी कामं कोण करणार?

पैशांच्या हिशेबात न दिसणारा खर्च म्हणजे देखभाल. घरी पहिला शत्रू वीज. सर्व्हर जगातले बदल थोड्या थोड्या वेळाने डिस्कवर लिहितो. लिहिता लिहिता वीज गेली तर शेवटची काही मिनिटं जातातच, शिवाय अर्धवट लिहिली गेलेली फाइल बिघडू शकते. मग आत गेल्यावर नकाशाचा एखादा चौकोन कापून नेल्यासारखा दिसतो, किंवा आठवडाभर बांधलेल्या किल्ल्याच्या जागी कोरी टेकडी येते. जुन्या लॅपटॉपचा फायदा इथे आहे. त्याची बॅटरीच यूपीएसचं काम करते. राउटर आणि फायबरचा डबा यांना मात्र वेगळा छोटा यूपीएस लागतो, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि रस्ता बंद. सतत चार्जिंगला असलेली जुनी बॅटरी फुगते. म्हणून लॅपटॉप माळ्यावर कोंबू नये, हवेशीर जागी ठेवावा आणि खालची बाजू अधूनमधून बघावी.

दुसरं काम बॅकअपचं. चालू सर्व्हरमधून फोल्डर उचलून नक्कल केली तर ती अर्धी जुनी, अर्धी नवी निघू शकते. म्हणून आधी लिहिणं थांबवायचं, असेल ते डिस्कवर उतरवायचं, मग नक्कल, मग पुन्हा सुरू:

```
save-off
save-all flush
(इथे world फोल्डरची नक्कल करा)
save-on
```

शेवटची ओळ विसरली तर सर्व्हर चालू राहतो आणि काहीच साठवत नाही. नक्कल त्याच डिस्कवर ठेवण्यात अर्थ नाही. भाड्याच्या सेवेत बॅकअपचं बटण असतं, पण ती नक्कल बहुधा त्याच कंपनीकडे राहते. एखाद्या महिन्याचं भाडं थकलं आणि मुदतीनंतर खातं पुसलं गेलं, तर जग आणि बॅकअप दोन्ही एकदम जातात. आठवड्यातून एकदा जग उतरवून दुसऱ्याच मित्राच्या संगणकावर ठेवणं, हे दोन्ही पद्धतींत चुकत नाही.

तिसरं काम आवृत्तीचं. खेळाची नवी आवृत्ती आली की सर्व्हरही चढवावा लागतो. एकदा नव्या आवृत्तीत उघडलेलं जग जुन्या आवृत्तीत नीट परत नेता येत नाही, म्हणून आधी बॅकअप. पण आळस करून वर्षानुवर्षं जुनीच आवृत्ती ठेवणंही धोक्याचं. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉग४जे या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात गंभीर भोक सापडलं. चॅटमध्ये विशिष्ट मजकूर टाकून माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. मोजांगने १.१८.१ ही आवृत्ती तातडीने काढली, पण ती प्रत्येक सर्व्हरच्या मालकाला स्वतः चढवावी लागली.

चौथं काम दाराचं. 25565 उघडा असलेले पत्ते शोधत बॉट फिरत असतात, आणि अनोळखी माणूस आत येऊन सगळं जाळून जातो. त्यावर ही तजवीज:

```
online-mode=true
white-list=true
enforce-whitelist=true
```

यानंतर `whitelist add` या आज्ञेने सहा नावं घालायची. पण पाहुण्याला आत न घेणं वेगळं आणि दारावर येणारा लोंढा थोपवणं वेगळं. घरचा आयपी कळलेला कुणी चिडला, तर तो त्या पत्त्यावर खोट्या रहदारीचा मारा करू शकतो, आणि मग खेळासोबत घरचं सगळंच नेट बसतं. माइनक्राफ्टच्या दुनियेत असे हल्ले जुने आहेत. २०१६ मध्ये असुरक्षित कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठे हल्ले करणारं मिराई हे जाळं उभं करणारे अमेरिकेतले तरुण मुळात माइनक्राफ्ट सर्व्हरच्या धंद्यातल्या चढाओढीतून तिथवर पोचले होते. त्यांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला. सहा मित्रांवर एवढं मोठं संकट येणार नाही. तरी घरचा पत्ता जाहीर करायचा नाही, एवढी शिस्त हवी. भाड्याच्या सेवेत किंवा बोगद्यात घरचा आयपी दिसतच नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

मग काय करावं?

आपल्या सहा जणांना एकत्रच खेळायचं असेल, तर नाशिकच्या जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर, फुकटचा बोगदा आणि राउटरला छोटा यूपीएस, एवढं बस आहे. महिन्याला शे-दोनशेच्या आत काम होतं. पण जर्मनीतल्या मित्राला आपल्या वेळेनुसार यायचं असेल, किंवा नाशिकच्या मित्राला बॅकअप आणि दुरुस्तीत रस नसेल, तर माणशी सव्वाशे रुपये काढून मुंबईतलं भाड्याचं यंत्र घ्यावं. ते भाडं यंत्राचं असतं त्याहून जास्त त्या मित्राच्या रात्रींचं असतं. सहाच्या जागी पंधरा जण झाले आणि मॉडचे गठ्ठे आले, तर चार जीबी आणि जुना प्रोसेसर दोन्ही अपुरे पडतील. तेव्हा घरासाठी नवं यंत्र विकत घेण्याआधी एक महिना भाडं भरून गट टिकतो का ते बघावं.

निवड कायमची नसते. जग म्हणजे शेवटी एक फोल्डर आहे. घरचा सर्व्हर बंद करून तो भाड्याच्या यंत्रावर चढवता येतो, आणि वर्षभराने तिथून उतरवून परत घरी आणता येतो. अट एवढीच की दोन्हीकडे खेळाची आवृत्ती एकच हवी आणि फोल्डर हलवताना दोन्ही सर्व्हर बंद हवेत.